घर सोडल्याची तारीख

परदेशी पाठवायच्या माणसाला नेमणुकीचं पत्र मी नुसतं मेलवर पाठवून मोकळी होत नाही. समोर बसवून वाचून दाखवते. खडकीला आमच्या पंपांच्या कारखान्यात परदेशी नेमणुकांचं टेबल माझ्याकडे आहे आणि इतक्या वर्षांत एवढं कळलंय, की बहुतेकांचं वाचन पगाराच्या पानावर सुरू होतं आणि त्याच पानावर संपतं. पुढची पानं मी एकटीच वाचत असते.

वैष्णवी बेलदरे मात्र शेवटच्या पानापर्यंत जागी होती. ती चाचणी विभागातली इंजिनिअर. पंप बाहेर जाण्याआधी किती दाब सोसतो ते तपासायचं आणि अहवालावर सही करायची, हे तिचं काम. जर्मनीतल्या आमच्या उपकंपनीत नवं चाचणी केंद्र उभं राहणार होतं, त्यासाठी दोन वर्षांकरता तिची निवड झाली. चाचणी विभागातून परदेशी जाणारी ती पहिली बाई.

"ताई, हा 'गृहीत कर' म्हणजे काय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, "तू इथेच राहिली असतीस तर पगारातून जेवढा कर गेला असता, तेवढाच तुझ्याकडून कापायचा. जर्मनीत जो काही कर बसेल तो कंपनी भरेल. दोन्ही देशांतली विवरणपत्रंही कंपनीचे कर सल्लागार भरून देतील. तुला जाण्यानं फायदाही नाही आणि तोटाही नाही, असा हिशेब."

"आणि पीएफ?"

"तो इथेच चालू राहणार. पीएफ कार्यालयाकडून दाखला घ्यायचा, म्हणजे तिकडे पेन्शनची वर्गणी पुन्हा भरावी लागत नाही."

मग तिकडच्या महागाईचा भत्ता, घरभाडं, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट. परत आल्यावर याच श्रेणीतली किंवा वरची जागा. मधेच स्वतःहून सोडलं तर नेण्याआणण्याचा खर्च भरून द्यायचा. प्रत्येक कलमाला ती मान हलवत होती आणि पेन्सिलीनं बारीक टिंब देत होती. व्हिसाचं कलम दोनदा वाचायला लावलं तिनं. व्हिसा नाकारला गेला तर पत्र आपोआप रद्द होईल, असं त्यात होतं.

"मग माझ्या जागी?"

"तुमच्याच विभागातला सार्थक जाईल. त्याचं नाव राखीव आहे."

"बरोबर आहे," ती म्हणाली. नाव ऐकून कपाळाला आठी पडली नाही, हे मी पाहिलं.

हे सगळं भाद्रपदात झालं. व्हिसाचा अर्ज गेला, मुलाखत झाली, आणि मग नेहमीसारखं वाट बघणं सुरू झालं. कंपनीअंतर्गत बदलीचा हा परवाना द्यायच्या आधी तिथलं रोजगार खातं बघतं, की बाहेरून येणाऱ्या माणसाला तिथल्या माणसाइतकाच पगार मिळतोय ना. त्याला वेळ लागतो.

तो वेळ वैष्णवीच्या घरी कुणाला मंजूर नव्हता. घर आंबेगावचं. गाव आता महापालिकेत आलंय, शेतात इमारती झाल्यात, पण घरातला शब्द अजून आजोबांचाच, गेनबांचा. नातीनं सीमा ओलांडायची तर ती दसऱ्यालाच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. व्हिसा आला नाही तर काय करायचं? प्रस्थान ठेवायचं. कापडाच्या पिशवीत नारळ, सुपारी आणि एक जोडी कपडे घालून ती चांगल्या दिवशी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवली, की माणूस निघाल्यासारखंच. पुढे प्रत्यक्ष कधीही जावं. माझ्या माहेरीही हे पाहिलंय मी. आमच्याकडे पिशवी शेजारी जायची आणि माणूस रात्री आपल्याच अंथरुणात झोपायचं.

गेनबांच्या घरात मात्र तसली सूट नव्हती. प्रस्थान म्हणजे माणसानं स्वतः निघायचं, आणि एकदा उंबरा ओलांडला की काम झाल्याशिवाय मागे फिरायचं नाही. वैष्णवी दसऱ्याला सकाळी औक्षण करून घेऊन निघाली आणि बिबवेवाडीला शालूमावशीकडे राहायला गेली. तिथूनच रोज खडकीला कामावर येऊ लागली. आजी सरुबाईंना भेटावंसं वाटलं की त्याच भाकरी बांधून बिबवेवाडीला यायच्या. ही आंबेगावला पाऊल ठेवत नव्हती.

कॅन्टीनमध्ये पोरं तिला छळायची. "काय वैष्णवी, कसं आहे जर्मनी? थंडी आहे का बिबवेवाडीत?"

"आहे ना. स्वेटर घालून ये," ती म्हणायची आणि डबा उघडायची.

मला तिचं कौतुक वाटायचं ते यासाठी, की ती हे आजोबांच्या धाकानं करत नव्हती. एकदा मी हळूच विचारलं होतं, "तुझा विश्वास आहे का ग यावर?"

तिनं थोडा विचार केला. "मुहूर्तावर नाही सांगता येणार, ताई. पण मी आबांना हो म्हटलंय."

मी स्वतः चातुर्मासाचे नेम करते, त्यामुळे हे उत्तर मला पुरलं.

गोंधळ झाला तो कंपनीच्या पोर्टलवरच्या फॉर्ममुळे. पत्रावर सही झाल्यावर तो भरायचा असतो. त्यात 'भारतातलं राहतं घर सोडल्याची तारीख' असा एक रकाना आहे. आमची माणसं विमान असेल त्या दिवशी घर सोडतात, म्हणून ती सिस्टिम बनवणाऱ्यानं त्याच तारखेला नेमणुकीची सुरुवात धरली होती. वैष्णवीनं घर सोडलं होतं. तिनं दसऱ्याची तारीख भरली, खाली बिबवेवाडीचा तात्पुरता पत्ता लिहिला आणि पाठवून दिलं. सिस्टिमनं तिला जर्मनीत पोहोचवलं.

ऑक्टोबरचा पगार झाला त्या दिवशी तीच माझ्याकडे आली. "ताई, हा परदेशी भत्ता कसला जमा झालाय? मी तर इथेच आहे."

मी सगळं उघडून बघितलं. भत्ता परत घेणं सोपं होतं. पण निरोप तिकडच्या पगार विभागालाही गेला होता. आपल्याकडे पगार चालू ठेवून माणूस बाहेर पाठवला, की तिकडच्या करासाठी तिकडेही एक समांतर हिशेब ठेवावा लागतो. त्यांनी तिचं नाव नोंदवलं, पहिल्या महिन्याचा कर भरूनही टाकला. मी दुरुस्तीची मेल लिहायला घेतली, तोवर तिकडूनच मेल आली. रोजगार खात्यानं पगाराचा पुरावा मागितला होता आणि उपकंपनीनं निष्पापपणे पगारपत्रकाचा उताराच पाठवला होता. त्यात वैष्णवीचं नाव, कामावर रुजू दसऱ्याच्या दिवशी.

खात्याचा प्रश्न दोन ओळींचा होता. ही बाई परवान्याशिवाय आमच्या देशात काम करत आहे काय? आठवड्यात खुलासा करावा.

आमचे विभागप्रमुख हिंदुराव सर. मूळचे साताऱ्याकडचे, आवाज मोठा. त्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. कर सल्लागारांकडून ऋतुजाही आली होती. नारायण पेठेतली मुलगी, हुशार, आणि जीभ अशी की समोरच्याला कापलेलं नंतर कळावं.

"किती वाईट आहे?" सरांनी तिला विचारलं.

"फार नाही," ऋतुजा म्हणाली. "फक्त आपण स्वतःच्या सहीनं कळवलंय, की आमची कर्मचारी तुमच्याकडे बेकायदा काम करते आणि आम्ही तिचा कर इमानदारीत भरतो. चोरानं पावती देऊन जावं, तसं."

"ऋतुजाबाई, उपाय सांगा."

"कर दुरुस्त करता येतो. सुधारित विवरण भरायचं. पीएफच्या दाखल्याची तारीख बदलून घ्यायची. खरा प्रश्न व्हिसाचा आहे. ती तारीख आली कुठून, हे सांगावं लागेल."

सरांनी कागद वैष्णवीपुढे सरकवला. "त्यात काय? लिही, तारीख टाइप करताना चूक झाली. सही कर, विषय संपला. गेटवरची हजेरी आहेच आपल्याकडे. तू रोज खडकीत होतीस हे सिद्ध होतंय."

वैष्णवीनं पेन उचललं. मग ते परत टेबलावर ठेवलं.

"सर, टाइप करताना चूक नाही झाली."

"मला माहितीये नाही झाली. लिहायचं तसं."

"मी त्या दिवशी घर सोडलं होतं. अजूनही सोडलेलंच आहे."

"अगं बाई," सर खुर्चीत पुढे आले, "मग काय त्या जर्मन साहेबाला कळवू? की आमच्या इंजिनिअरच्या आजोबांनी प्रस्थान ठेवलंय म्हणून ती बिबवेवाडीत मुक्कामाला आहे?"

"हो सर. कळवा."

ऋतुजा हसली. वैष्णवी हसत नव्हती.

"सर, मी रोज चाचणीचं रीडिंग लिहिते. जे आलं ते लिहायचं, एवढंच मला येतं. हे माझ्याच नावावरचं रीडिंग आहे. चूक झाली असं लिहिलं तर पुढे मीच कुठल्या अहवालावर सही करू?"

"आणि त्यांनी विश्वास नाही ठेवला तर? व्हिसा गेला, पत्र गेलं. ते सेंटर तू कागदावर आखलंयस, माहिती आहे ना? सार्थक जाऊन ते चालवेल आणि तू इथे बघत बसशील."

तिचे डोळे भरले. आवाज मात्र सरळ राहिला. "सार्थक चांगला चालवेल, सर."

माझा आवाज मुळात लहान आहे, त्या केबिनमध्ये तर तो कुणाला ऐकूच जात नाही. तरी मी म्हटलं, "सर, घरी विचारून बघू या का? गेनबांना कदाचित..."

मला म्हणायचं होतं, की त्यांना कदाचित यातून मार्ग दिसेल. सरांनी तेवढंच उचललं. "बरोबर! आजोबांनाच सांगतो, नातीला घरी घेऊन जा. मग तरी ती सही करेल. लाव ग फोन."

वैष्णवीनं फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडे बराच वेळ खाकरणं झालं, मग आवाज आला, "बोल गं, वैशे."

"आबा, आमचे साहेब बोलतायत."

सरांनी सगळं सांगितलं. मोठ्या आवाजात सुरुवात केली आणि सांगता सांगता त्यांचा आवाज आपोआप खाली आला, गावाकडच्या वळणावर गेला. तारखेमुळे काय झालं, नातीचं जाणं कसं अडलंय, हे सगळं. 

शेवटी गेनबा म्हणाले, "म्हंजी माझ्या प्रस्थानापायी पोरीचं काम अडलं म्हना की."

"तसं नाही, पण..."

"तसंच हाय, सायेब. आईका. तिनं घरी आल्यानं काम हुत आसंल तर मी प्रस्थान मोडतो. आज सांजच्याला तिला न्यायाला येतो. देवापुढं मी बघून घीन. पर पोरीनं खोटं ल्हियाचं न्हाई. तेवढं तिला सांगू नगा."

नेम धरणाऱ्याला नेम मोडणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. आपलं दुखणं असो, प्रवास असो, आपण कसंबसं निभावून नेतो. त्या माणसानं आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट नातीसाठी एका वाक्यात सोडली होती, आणि सोडताना जी राखायची ती बरोबर ओळखून हातात घट्ट धरली होती.

"आबा," वैष्णवी म्हणाली, "प्रस्थान मोडायचं न्हाई. तुमी न्यायाला येऊ नगा. मी येनार न्हाई."

"आगं पन..."

"तारीख कवाच गेली, आबा. आता मी घरी आले तरी ती बदलत न्हाई. उगं कामबी जायाचं आन् प्रस्थानबी."

ऋतुजानं हळूच मान हलवली. "ती म्हणते ते खरं आहे, सर. आता घरी जाऊन काही उपयोग नाही."

फोन ठेवल्यावर सरांनी तो पुढे सरकवलेला कागद परत घेतला, चुरगळला आणि टोपलीत टाकला. "सुहासिनीबाई, खुलासा तुम्ही लिहा. जे झालं ते. प्रस्थान काय असतं ते चार ओळींत, नीट. आणि त्याखाली असं लिहा, की फॉर्ममध्ये घर सोडणं आणि नेमणूक सुरू होणं या दोन गोष्टी कंपनीनं एकच धरल्या, ही कंपनीची चूक. कर्मचाऱ्यानं विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. त्यावर सही माझी."

"सर, वरचे जाब विचारतील तुम्हाला," मी म्हटलं.

"विचारू देत. मी काय बिबवेवाडीला जाऊन लपतो?"

मी तो खुलासा तीनदा लिहिला. प्रस्थान परक्या माणसाला समजावणं सोपं नाही. पहिल्यांदा फार लांबलं, दुसऱ्यांदा एखाद्या अंधश्रद्धेची माफी मागितल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा साधंच लिहिलं. आमच्याकडे काही घरांत प्रवासाची सुरुवात ठरलेल्या शुभ दिवशी करतात, पुढची तयारी झाली नसली तरी. ती व्यक्ती घर सोडून जवळच्या नातेवाइकांकडे राहते. सदर कर्मचारी त्या दिवसापासून पुण्यातच नातेवाइकांकडे राहत असून रोज पुण्याच्या कारखान्यात कामावर येते. सोबत गेटची हजेरी, चाचणीच्या अहवालांच्या प्रती आणि पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती जोडल्या, कुठेही शिक्का नसलेल्या. ऋतुजानं करदुरुस्तीची कागदपत्रं दिली आणि जाताना म्हणाली, "सुहासिनीताई, एवढ्या वर्षांत एवढा खरा खुलासा मी कुठल्याच फाइलला लावला नव्हता. भीतीच वाटतेय."

सरांनी सार्थकलाही तयार राहायला सांगितलं. ते त्यांचं कामच होतं. वैष्णवीनं त्याला आपली आखणीची फाइल आपणहून नेऊन दिली. पाण्याच्या कुठल्या पाइपला कंप येतो, कुठे जाड पत्रा घ्यायचा, सगळं समजावून सांगितलं. तो बिचारा ओशाळून माझ्याकडे आला. "ताई, तिला सांगा ना, मला नकोय हे."

"तूच सांग," मी म्हटलं.

"सांगितलं. म्हणाली, शिकून ठेव, उपयोगी पडेल."

भत्त्याची रक्कम नोव्हेंबरच्या पगारातून तिनं एकदम कापून घ्यायला लावली. मी हप्ते सुचवले होते. "नको ताई, हे हातात असलं की मी जर्मनीत असल्यासारखं वाटतं," म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

खात्याकडून पुन्हा एक प्रश्न आला. सुधारित कर विवरण भरल्याचा दाखला द्यावा. आम्ही दिला. त्यानंतर तिकडच्या चाचणी प्रमुखांचा सरांना फोन आला. ते म्हणाले, रोजगार खात्यानं त्यांना विचारलं होतं, की तुम्हाला हीच व्यक्ती का हवी? त्यांनी आमचा खुलासाच पुढे केला. स्वतःच्या सोयीसाठी जी तारीख बदलत नाही, ती दाबाचा आकडाही बदलणार नाही, म्हणून हवी. सर हे सांगत असताना वैष्णवी खाली बघत होती. कान लाल झाले होते.

मार्गशीर्षात परवानगी आली आणि पाठोपाठ पासपोर्ट व्हिसासह आला. जुनं पत्र रद्द करून मी नवं तयार केलं. मुदत तीच, दोन वर्षं. पण आता सुरुवात म्हणजे वैध व्हिसासह जर्मनीतल्या कार्यालयात प्रत्यक्ष हजर होण्याचा दिवस, असं कलमातच लिहिलं. पीएफचा दाखला, भत्ता, गृहीत कर, सगळं त्याच दिवसाला बांधलं. पोर्टलमधला तो रकाना सरांनी काढायला लावला.

वैष्णवी समोर बसली. मी पुन्हा पहिल्या कलमापासून वाचलं. तिनं पुन्हा पेन्सिलीनं टिंबं दिली. सही झाल्यावर तिनं तिथूनच घरी फोन लावला. सर कसल्याशा निमित्तानं दारात येऊन उभे राहिले होते.

"आबा, तारीख ठरली. पुढच्या शुक्रवारी विमान हाय."

पलीकडे गेनबांनी पंचांग उघडलं असणार. मीही मनात मोजलं. शुक्रवारी अमावास्या होती.

वैष्णवीच्याही ते लक्षात आलं असावं. फोन तिनं कानाशी घट्ट धरला. "आबा, तिकीट बदलून मागू का?"

"कशापायी?" गेनबांचा आवाज मला खुर्चीतून ऐकू आला. "आमुशा निगनाऱ्याला. तू दसऱ्यालाच निगालीस. आता नुसतं पोचायचं हाय."